शुक्रवारची घसरण, सोमवारचा भाव

‘बाजार पडला की घ्यायचं असतं’ हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय, की कधीतरी स्वतःही ऐकावं असं वाटणं साहजिक होतं. शुक्रवारी दुपारी बाजार चांगलाच आपटला. मी अ‍ॅप उघडलं, इक्विटी फंड निवडला आणि नेट बँकिंगने ५०,००० रुपये भरले. २ वाजून ४१ मिनिटांनी ‘ऑर्डर स्वीकारली’ असं आलं आणि २ वाजून ४४ मिनिटांनी खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज आला. त्याच दिवसाचा भाव मिळण्यासाठी वेळेची मर्यादा ३ वाजताची. उरलेली सोळा मिनिटं मी स्वतःचं कौतुक करण्यात घालवली.

“कितीला पडलं?” बाबांनी विचारलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेत; भाव न सांगता कुणी खरेदी केली की त्यांना अस्वस्थ होतं.

“अजून ठरलं नाही.”

“म्हणजे पैसे दिलेस, आणि भाव ठरायचाय?”

ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे तसंच. अ‍ॅपवर जी एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, दिसते ती आदल्या दिवशीची. आजची निघते ती साडेतीनला बाजार बंद झाल्यावर, फंडातल्या शेअर्सचे त्या दिवशीचे भाव धरून, आणि जाहीर होते रात्री. म्हणजे वेळेत पैसे भरणाऱ्यालाही भाव न बघताच घ्यावं लागतं. आणि हे बरोबरच आहे, कारण दिवसभराचे भाव बघून सावकाश संध्याकाळी कालच्या दराने युनिट्स उचलता आली असती, तर तो भुर्दंड आधीपासून फंडात असलेल्या लोकांच्या माथी बसला असता. बाबांना हे पटलं. मला मात्र त्या दिवशी तत्त्वापेक्षा घसरण जास्त हवी होती.

सोमवारी बाजार उसळला. मी मनातल्या मनात मांडे खात बसलो. मंगळवारी स्टेटमेंट आलं : ५८५.०१९ युनिट्स, दर ८५.४६३.

बाबांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. ५८५.०१९ गुणिले ८५.४६३. उत्तर आलं जवळपास ४९,९९७ रुपये ५० पैसे.

“अडीच रुपये कुठे गेले?”

त्यानंतरचा बराच वेळ घरात त्या अडीच रुपयांचा शोध चालला. शेवटी बाबांनाच स्टेटमेंटमध्ये ‘स्टॅम्प ड्यूटी’ अशी एक बारीक ओळ सापडली. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. ५०,००० वर ते अडीच रुपये होतात आणि उरलेल्या रकमेचीच युनिट्स मिळतात. अफरातफर झालेली नाही याची खात्री पटल्यावर बाबांनी चष्मा पुसला आणि तेव्हा कुठे त्यांची नजर दराशेजारच्या तारखेवर गेली.

“अरे, ही तर सोमवारची आहे.”

शुक्रवारची एनएव्ही होती ८४.२०. त्या दराने ५९३.७९५ युनिट्स मिळायला हवी होती. पावणेनऊ युनिट्स कमी, म्हणजे सोमवारच्या भावाने साडेसातशे रुपये. अडीच रुपयांसाठी घर डोक्यावर घेतलं आणि साडेसातशे शेजारीच निवांत बसले होते!

मी ग्राहकसेवेला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक शांत आवाज म्हणाला, “सर, तुमची ऑर्डर वेळेत आली होती. पैसे फंडाच्या खात्यात ३ वाजून १७ मिनिटांनी आले.”

“माझ्या खात्यातून तर २:४४ लाच गेले!”

“तुमच्याकडून गेले सर. आमच्याकडे आले नव्हते.”

या दोन वाक्यांमधल्या वेळात माझे पैसे कोणत्या तरी मधल्या खात्यात पाय पसरून बसले होते. १ फेब्रुवारी २०२१ पासून सेबीचा नियम असा, की रक्कम लहान असो वा मोठी, ती ३ च्या आत फंडाला वापरता येईल अशी त्याच्या खात्यात पोचली तरच त्या दिवसाची एनएव्ही. नाहीतर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची, आणि शुक्रवारनंतर तो दिवस सोमवार. बँकेचा मेसेज पैसे गेल्याचा असतो, पोचल्याचा नाही. फंडाकडे ते ३ च्या आधी जमा झाल्याची नोंद निघाली असती, तर भांडायला जागा होती. ती निघाली नाही. विकताना मात्र पैसे पाठवायचेच नसतात, त्यामुळे तिथे नुसता अर्ज वेळेत गेला की भागतं. दुर्दैवाने मला विकायचं नव्हतं.

“पुढच्या वेळी सकाळीच पैसे भर,” बाबा म्हणाले.

“पण बाजार दुपारी पडणार आहे हे सकाळी कसं कळणार?”

“आणि दुपारी पडलेला बाजार साडेतीनपर्यंत पडलेलाच राहणार, हे तुला पावणेतीनला कुणी सांगितलं होतं?”