चुनखडीचं बॅक टायट्रेशन: आम्ल नेमकं काय मोजतं?

प्रतिक्रिया: "देवलापारकडच्या दगडाची १ ग्रॅम भुकटी घेतली, १ नॉर्मल HCl २५ मिली टाकलं, उरलेल्या आम्लाला ०.५ नॉर्मल कॉस्टिक सोडा १२.२ मिली लागला. तुमच्या लेखाप्रमाणे ९४.६ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. EDTA नं मात्र ८० टक्केच आलं. चुकीची पद्धत पोरांना का शिकवता?"

उत्तर:

सर, तुमचे दोन्ही आकडे मला बरोबर वाटतात. चूक माझ्या लेखातल्या शब्दांची आहे. 'कॅल्शियम कार्बोनेट' लिहिलं तिथे 'एकूण कार्बोनेट, सगळं कॅल्शियमचं आहे असं धरून' एवढं लिहायलाच हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आम्लाला फक्त कार्बोनेट कळतं. ते कॅल्शियमचं की मॅग्नेशियमचं, हे कळत नाही. देवलापारच्या पट्ट्यातला संगमरवर बराचसा डोलोमाइटी आहे, आणि १ ग्रॅम मॅग्नेशियम कार्बोनेट जवळजवळ १.१९ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकं आम्ल खातं. म्हणून अगदी शुद्ध डोलोमाइट या पद्धतीनं १०८ टक्क्यांच्या वर जातं. उत्तर शंभराच्या पुढे गेलं की ब्युरेटवर संशय घेण्याआधी मॅग्नेशियम आठवावं.

आता तुमचाच हिशोब पुढे नेऊ. आम्ल २५ मिलिइक्विव्हॅलंट टाकलं, सोड्यानं ६.१ उरलेलं दाखवलं, म्हणजे दगडानं १८.९ खाल्लं. EDTA चे ८० टक्के म्हणजे ८०० मिलिग्रॅम, त्याला कॅल्शियम कार्बोनेटच्या सममूल्यभारानं, ५०.०४ नं, भागलं की १६ येतात. उरलेले २.९ मॅग्नेशियमचे. त्यांना मॅग्नेशियम कार्बोनेटच्या सममूल्यभारानं, ४२.१६ नं, गुणलं की सुमारे १२२ मिलिग्रॅम, म्हणजे १२.२ टक्के मॅग्नेशियम कार्बोनेट. दोन्ही कार्बोनेटं मिळून ९२.२ होतात; बाकी सुमारे ७.८ टक्के वाळू, माती असं आम्लात न विरघळणारं असावं.

म्हणजे तुमच्या दोन पद्धती भांडत नाहीत. एकीच्या पोटात दुसरीची उणीव भरून निघते.

एक गोष्ट मात्र जपा. डोलोमाइट थंड आम्लात फार सावकाश विरघळतं. म्हणूनच तर आम्ल सरळ ब्युरेटमधून न सोडता जास्तीचं टाकून, वर काचेची झाकणी ठेवून, मंद आचेवर उकळायचं. उकळणं कमी पडलं तर दोन गोष्टी होतात: काही कण तसेच राहतात, आणि पाण्यात राहिलेला कार्बन डायऑक्साइड फिनॉलफ्थॅलिनसमोर सोडा खातो. दोन्हींमुळे उत्तर कमी येतं, जास्त नाही. बुडबुडे थांबल्यावरही दोनतीन मिनिटं उकळू द्या, मग गार करून टायट्रेट करा.

EDTA तुम्ही pH १२ च्या वर केलं असणार, कारण तिथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला पडतं. तीच भुकटी pH १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी घेऊन करून बघा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मोजले जातील आणि सगळं कॅल्शियम कार्बोनेट धरून आकडा ९४ च्या आसपास यायला हवा. शिवाय गाळणीवर उरलेला गाळ धुऊन, वाळवून त्याचं वजन करा. ते ७८ मिलिग्रॅमच्या जवळ नसेल तर मला कळवा, मग लोह आणि ॲल्युमिनियमकडे बघावं लागेल.