निकेल-कॅडमियमची ‘स्मरणशक्ती’: दोष कशाचा, खापर कशावर

दावा: «निकेल-कॅडमियम बॅटरी अर्धवट उतरवून चार्ज केली की तिला तेवढंच आठवतं, बाकीची क्षमता जाते. म्हणून दर वेळी पार शून्यावर आणा, मगच चार्जिंगला लावा.»

«आठवतं» हा परिणाम खोटा नाही. तो उपग्रहांवरच्या सेलमध्ये दिसला होता. तिथे प्रत्येक फेरीत सेल मोजून तेवढेच उतरत आणि तसेच पुन्हा भरले जात, शेकडो वेळा. हातातलं उपकरण आज दहा मिनिटं, उद्या तासभर चालतं. इतका काटेकोर नेम तिथे जमतच नाही.

«बाकीची क्षमता जाते» इथे खरी गफलत आहे. बहुतेक वेळा क्षमता जागेवरच असते, घसरतो तो व्होल्टेज. सेल भरल्यावरही दिवसेंदिवस चार्जरवर राहिला की कॅडमियमच्या पट्टीवर निकेल-कॅडमियमचा मिश्रधातू तयार होतो. त्या भागातली ऊर्जा मिळते, पण साधारण ०.१२ व्होल्ट खाली. म्हणजे अर्धवट वापर नव्हे, जास्तीचं चार्जिंग हे मुख्य कारण.

सहा सेलचा, १००० एमएएचचा पॅक घ्या. चालू असताना तो ७.२ व्होल्टच्या आसपास असतो. प्रत्येक सेल १.०८ वर आला की पॅक ६.४८ वर येतो. उपकरण ६.६ ला बंद होत असेल, तर त्याच्या लेखी बॅटरी संपली!

हे तपासता येतं. पॅक पूर्ण भरा, ३६ ओहमचा ५ वॅटचा रोधक जोडा (सुमारे २०० मिलिअँपिअर) आणि दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज लिहून ठेवा. ६.५ च्या आसपास उतरून पायरीसारखा तिथेच बराच वेळ टिकला आणि ६.० पर्यंत एकूण पाचेक तास लागले, तर क्षमता जागेवर आहे, नुसता व्होल्टेज घसरला आहे. पायरी न दिसता दोन-तीन तासांतच ६.० आला, तर क्षमता खरंच गेली आहे. आणि मधेच एकदम सव्वा व्होल्ट गळाला, तर एक सेल बाद. तो कुठल्याही उताऱ्याने परतणार नाही.

नुसता व्होल्टेज घसरला असेल तर ६.० ला, म्हणजे सेलमागे १ व्होल्टला, थांबा. मग १०० मिलिअँपिअरने १४ ते १६ तास चार्ज करा. असं दोन-तीनदा केलं की बहुधा पायरी नाहीशी होते.

«पार शून्यावर आणा» हा सल्ला मात्र घातक. पॅकमधले सेल सारखे नसतात. सगळ्यात कमकुवत सेल आधी रिकामा होतो, बाकीचे पाच त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात आणि तो उलटा चार्ज होतो. आत हायड्रोजन साठतो, झडप उघडते आणि वायूबरोबर इलेक्ट्रोलाइटही बाहेर पडतं. टोकाशी पांढरी पूड जमलेली दिसली की समजावं, तो सेल असा गळला आहे. सुटा सेल शून्यावर नेणं वेगळं, त्याला उलटवणारे शेजारी नसतात.