फोटो टाकला आणि गायब! अरे काय करू त्याचं ते तरी सांगा

वेळापत्रकाचा फोटो पाठवायचा, खाली एक अक्षर लिहायचं नाही आणि संध्याकाळी विचारायचं "झालं का गं?" काय झालं का?? डोकं फिरतं हो अक्षरशः. घरात जिला कंप्युटर येतो तिला माणसाच्या मनातलं पण वाचता येतं असं कुणी सांगितलंय ह्यांना?

परवाचंच घ्या. आमच्या नणंदबाई मिरजेत राहतात, लेक नववीत, सेमी इंग्लिश. शाळेच्या टाइमटेबलचा फोटो आला, तिरका, वर सोमवार ते शनिवारची ओळ अर्धी कापलेली. मी विचारलं "ताई, काय करायचंय ह्याचं?" तर अंगठा. प्रश्नाला अंगठा हे उत्तर कुठल्या शाळेत शिकवतात?

आता ह्यातनं तीन कामं निघू शकतात आणि तिन्ही वेगवेगळी आहेत, हेच कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकायचं असेल तर मला घड्याळातली वेळ पायजे, आणि त्या फोटोत वेळच नाही, नुसतं तास 1 ते तास 8. बरं दर आठवड्याला रिपीट लावलं की ते दिवाळीच्या सुट्टीतपण रोज सकाळी वाजत बसणार, म्हणून सत्र कधी संपतंय ती तारीख पायजे, मधल्या सुट्ट्या एकेक करून काढायच्या. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे शनिवारचा पहिला तास आणि सोमवारचा पहिला तास ह्यांच्या वेळा वेगळ्या, पण कागदावर दोन्ही एकाच रांगेत. तसंच उतरवलं तर पोरगं शनिवारी दुपारी जाऊन बंद गेटसमोर उभं राहणार.

भाषांतर म्हणाल तर त्याला वेळ नको, तारीख नको, पण कुणासाठी ते कळायला पायजे. सासूबाईंना दप्तर भरायला हवं असेल तर M1 म्हणजे बीजगणित आणि M2 म्हणजे भूमिती असं लिहावं लागतं, कारण वह्या दोन वेगळ्या आहेत, नुसतं "गणित" लिहून काय उपयोग. W.E. म्हणजे कार्यानुभव, त्या दिवशी सामान न्यायचं असतं.

आणि तिसरं म्हणजे क्लासशी वेळ आदळतीय का ते बघणं. त्याला दुसरा कागद लागतो ना! एकाच टाइमटेबलचा फोटो देऊन काय कशावर आदळतंय ते मी कसं सांगू?

शेवटी मीच फोन लावला. तर निघालं काय, सांगलीतल्या विश्रामबागच्या क्लासची संध्याकाळची बॅच घेऊ का नको, एवढंच विचारायचं होतं. एवढंच! मग मी वेळा विचारून घेतल्या. प्रार्थना झाली की 11:40 ला पहिला तास, 35 मिनिटांचे आठ तास म्हणजे 280 मिनिटं, मोठी सुट्टी 30 आणि छोटी 10, एकूण 320. शाळा सुटते बरोबर 5 ला. बॅच 5:15 ला. कागदावर बघाल तर काहीच आदळत नाही, पाव तास मोकळा दिसतोय, आणि हितंच लोक फसतात. पोरानं मिरजेतनं दप्तर आवरून, गेटच्या गर्दीतनं बाहेर पडून, सिटी बस धरून विश्रामबागला पंधरा मिनिटांत पोचायचं? संध्याकाळी 5 ला? त्यात मंगळवारी आणि गुरुवारी शेवटचे दोन तास मिळून प्रॅक्टिकल, सामान जागेवर ठेवल्याशिवाय सोडत नाहीत. रोज क्लासची पहिली वीस-पंचवीस मिनिटं बुडणार आणि फी मात्र पूर्ण. मी सरळ सांगितलं, 6 ची बॅच असली तर घ्या, नसली तर मिरजेतलाच क्लास बघा.

सगळं मिळून दहा मिनिटांचं काम हो. पण त्यासाठी आख्खा दिवस मी तो तिरका फोटो झूम करून बघत बसले, तिसऱ्या रांगेत Sci आहे का Soc आहे ते ओळखत, कारण व्हॉट्सॲपवर फोटो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर नीट दिसला असता.

आणि मी विचारलं की म्हणायचं, "तुला कळतंय की गं त्यातलं." नाही कळत! फोटोत शाळा दिसते, तुमची अडचण दिसत नाही. तुम्ही क्लास लावताय का आजीला वाचून दाखवणाराय का मोबाईलवर आठवण लावताय, हे त्या चौकटीत कुठं लिहिलंय दाखवा मला. "5:15 ची बॅच जमेल का" एवढे चार शब्द टाइप करायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ नसेल तर माझ्याकडे पण नाहीये.