कांदा राज्यात पिकतो, म्हणून निर्यातबंदी राज्याचा विषय होत नाही

«शेती राज्याचा विषय आहे आणि कांदा शेतीमाल आहे. म्हणून केंद्राची कांदा निर्यातबंदी मुळातच घटनाबाह्य. विधानसभेने लासलगाव-पिंपळगावसाठी कायदा करून राष्ट्रपतींची संमती घेतली की बंदी संपली.»

या युक्तिवादात शेती राज्यसूचीत आहे, इथपर्यंत ठीक. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, जिथे विषय केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूचींत वाटले आहेत, तिथली राज्यसूचीची नोंद 14 शेवटपर्यंत वाचा. शेती, तिचं शिक्षण व संशोधन, किडींपासून संरक्षण, पिकांच्या रोगांना आळा, एवढंच तिच्यात आहे. विक्रीचा उल्लेखही नाही. बाजार राज्यसूचीच्या नोंद 28 मध्ये येतात, राज्यांतर्गत व्यापार 26 मध्ये. परदेशाशी व्यापार आणि सीमाशुल्क हद्दीपलीकडची आयात-निर्यात मात्र केंद्रसूचीच्या नोंद 41 मध्ये आहे, निर्यातशुल्क नोंद 83 मध्ये. एकच कांदा शेतात, बाजार समितीत आणि बंदरावर वेगवेगळ्या नोंदींखाली येतो.

«बंदीमुळे लासलगावचा भाव पडतो, म्हणजे केंद्र राज्याच्या बाजारात घुसलं», असं यावर म्हटलं जातं. इथेच पिथ अँड सबस्टन्स कसोटी लागते. न्यायालय आधी कायद्याचा गाभा शोधतं. त्यासाठी उद्देश, व्याप्ती आणि तरतुदींचा प्रत्यक्ष परिणाम पाहतं, आणि कायद्याला दिलेल्या नावावर विसंबत नाही. गाभा आपल्या सूचीतल्या नोंदीत बसला, तर दुसऱ्या सूचीतल्या विषयाला ओघाने लागलेला धक्का कायदा पाडत नाही.

ही कसोटी डिसेंबर 2023 च्या बंदीला लावून पाहू. अधिकार 1992 च्या परकीय व्यापार कायद्याच्या कलम 3 मधला. अडवलं काय, तर देशाबाहेर जाणारा माल. लिलाव कसा व्हावा, अडत कोणी घ्यावी, शेतकऱ्याने काय पेरावं, यावर अधिसूचनेत शब्द नाही. त्यामुळे गाभा नोंद 41 चा. देशातले भाव आटोक्यात ठेवायचा हेतू होता हे खरं, पण हेतू देशातला असला तरी केलेली कृती निर्यात रोखण्याचीच राहते. उन्हाळ कांद्याच्या उत्पादकाला बसलेला फटका मोठा होता. तरीही फटका किती मोठा, यावर अधिकार कोणाचा हे ठरत नाही. नुकसानीच्या आकड्यांनी भरलेली याचिका या मुद्द्यावर अडखळते ती याचमुळे.

हीच कसोटी राज्यालाही वाचवते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. मुंबई राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यावर आक्षेप होता की तो परदेशी दारूच्या आयातीत, म्हणजे केंद्राच्या विषयात, हात घालतो. बलसारा खटल्यात (1951) सर्वोच्च न्यायालयाने गाभा मादक पेयांचा ठरवला आणि आयातीवरचा परिणाम आनुषंगिक मानला. त्या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द झाल्या, पण त्या मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर.

आता राष्ट्रपतींची संमती. अनुच्छेद 254(2) ची ती वाट फक्त समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांसाठी आहे. परदेशी व्यापार त्या सूचीत नाही. राज्याने «कांदा बाजार कायदा» असं नाव देऊन आत निर्यातीची मुभा घातली, तर गाभा निर्यातीचाच निघेल. मुळात जो अधिकारच नाही, तो संमतीने येत नाही.

राज्याची बाजू खरोखर भक्कम आहे ती बाजार समितीच्या बाबतीत. आयटीसी विरुद्ध कृषी उत्पन्न बाजार समिती (2002) या खटल्यात तंबाखूसाठी 1975 चा केंद्रीय कायदा असतानाही बिहारच्या बाजार समितीचा तंबाखूवर फी घेण्याचा अधिकार बहुमताने मान्य झाला. निर्यातदाराने लासलगावात घेतलेल्या कांद्यावरची बाजार फीसुद्धा त्याच न्यायाने बाजाराचीच फी राहते. माल पुढे दुबईला जातो म्हणून ती निर्यातकर होत नाही.

संघराज्याचा वाद घालायचाच असेल, तर तो शब्दरचनेतल्या एका फरकावर घालावा. राज्यसूचीतली व्यापाराची नोंद 26 आणि मालाच्या उत्पादन-पुरवठ्याची नोंद 27 समवर्ती सूचीतल्या नोंद 33 च्या अधीन आहेत, आणि नोंद 33 मध्ये अन्नपदार्थांचा व्यापार व पुरवठा येतो. व्यापाऱ्यांवरच्या साठामर्यादा त्यामुळे टिकतात. ऑक्टोबर 2020 मध्ये घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळ विक्रेत्याला 2 टन अशी मर्यादा केंद्राने घातली होती. नोंद 28 ला मात्र «अधीन» हे बंधन नाही. 2020 च्या केंद्रीय शेतमाल व्यापार कायद्याने बाजार आवाराबाहेरच्या व्यवहारांवर राज्याला फी घ्यायला मनाई केली, तेव्हा हाच प्रश्न उभा होता: गाभा अन्नपदार्थांच्या व्यापाराचा की बाजारांचा? न्यायालयाने निर्णय देण्याआधीच, 2021 मध्ये कायदा मागे घेतला गेला.

निर्यातबंदीला आव्हान द्यायचं तर अधिकारक्षेत्राचा मुद्दा बाजूला ठेवावा. निर्णय मनमानी आहे का (अनुच्छेद 14), व्यवसायावरचं बंधन अवाजवी आहे का (19(1)(छ)), हे विचारावं. निर्यातदाराने तर सगळ्यात आधी राजपत्राची तारीख आणि आपला कंटेनर कस्टमकडे सोपवल्याची तारीख शेजारी ठेवून पाहावी. सवलत मिळाली तर बंदीआधी कस्टमकडे सोपवलेल्या मालाला सूट देणाऱ्या अधिसूचनेतल्या कलमातूनच मिळते.