चौथ्या वर्षीचं खोटं लगेच का पकडलं जातं

“माझा चार वर्षांचा मुलगा तोंडाला लागलेलं असतानाही डोळ्यांत डोळे घालून ‘मी नाही खाल्लं’ म्हणतो. इतका निर्ढावला कसा?”

निर्ढावलेला नाही जी ताई, अर्धंच शिकलाय. ‘नाही’ म्हणणं सोपं. त्याला इतकंच कळावं लागतं, की मी खाताना आई खोलीत नव्हती, म्हणजे तिला माहीत नाही. पण ते खोटं टिकवायला आणखी एक पायरी लागते: मी खाल्लं नसतं, तर मला काय काय माहीत नसतं?

आमच्या धरमपेठच्या घरी नातवानं संत्रा बर्फी उडवली. खाल्ली का? नाही. बरं, कशी होती रे? “खूप गोड!” झालं.

विक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली हेच तपासलं. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, वळून बघू नकोस सांगून बाहेर जायचं. बहुतेक मुलं बघतात आणि नाकारतात. मग ‘कोणतं खेळणं असेल?’ विचारलं, की तीन ते पाच वर्षांची बहुतेक मुलं बिनधास्त खरं नाव सांगतात. सहा-सात वर्षांची जवळपास निम्मी मात्र ‘माहीत नाही’ म्हणतात किंवा मुद्दाम चुकीचं नाव घेतात.

चेहऱ्यावरून मात्र पकडता येत नाही, तो आत्मविश्वास अगदी अस्सल दिसतो. आणि उत्तर आधीच माहीत असताना विचारणं म्हणजे खोट्याला आमंत्रणच. म्हणून ओठांवर बर्फी दिसत असताना ‘खाल्ली का?’ विचारूच नये. सरळ ‘तोंड पूस, उरलेली जेवणानंतर’ म्हणावं.