जुन्या रस्त्याचं साल सांगणारी पाटी

रस्त्याचा जुना फोटो दिसला की बहुतेक जण सगळ्यात मोठा लोगो बघून देश आणि काळ ठरवून टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. आधी ती जाहिरात कशावर आहे ते बघा. पत्र्याची पाटी वीस-तीस वर्षं भिंतीवर टिकते, काचेवरचा स्टिकर काही वर्षं, आणि होर्डिंगवरचा कागद काही आठवड्यांत बदलतो.

परवा एका मित्राने कोपऱ्यावरच्या दुकानाचा एक रंगीत फोटो पाठवला. मागे लिहिलेलं, ‘लंडन, 1980 च्या सुमारास’. दाराच्या काचेवर ‘मॅरेथॉन’ चॉकलेटचा स्टिकर होता. ब्रिटनमध्ये हे नाव 1990 मध्ये बदलून ‘स्निकर्स’ झालं, म्हणून मित्र ठामपणे म्हणाला, फोटो 1990 च्या आधीचा. बाजूच्या होर्डिंगवर सिगारेटची जाहिरात होती. तिथे अशी होर्डिंग्ज फेब्रुवारी 2003 पर्यंत लागायची, त्यामुळे तिचा फारसा उपयोग नव्हता.

मग दुकानाच्या वरच्या मजल्यावर ‘भाड्याने देणे’ची पाटी दिसली. फोटो मोठा करून पाहिला तर फोन नंबर 071 ने सुरू होत होता. इथेच सगळं फिरलं. लंडनचा जुना कोड 01. तो 6 मे 1990 ला फुटला, मधल्या लंडनला 071 आणि बाहेरच्या भागाला 081 मिळाला. 16 एप्रिल 1995 ला त्यात 1 घुसला आणि तो 0171 झाला. भाड्याची पाटी जागा गेली की उतरते, म्हणजे तिच्यावरचा नंबर ताजा. स्टिकर मात्र नाव बदलल्यावरही कुणी खरवडला नव्हता, एवढंच. जुनी गोष्ट मागे राहू शकते, पण अजून न जन्मलेला नंबर आधी लिहिला जात नाही.

देशासाठी मी आइस्क्रीमची पाटी शोधतो. ब्रिटनमध्ये ‘वॉल्स’ असलेला ब्रँड जर्मनीत ‘लांगनेझे’, इटलीत ‘अल्गिदा’, ब्राझीलमध्ये ‘किबॉन’, ऑस्ट्रेलियात ‘स्ट्रीट्स’. लाल हृदयाचं चिन्ह मात्र सगळीकडे एकच, आणि ते 1998 मध्ये आलं. नावावरून देश, हृदयावरून काळ! या फोटोत ‘वॉल्स’ होतं आणि हृदय नव्हतं. नुसत्या त्यावरून मी काही ठरवलं नसतं, कारण हृदय आल्यावरही जुन्या पाट्या लटकत राहिल्याच असतील. पण नंबराशी ते जुळत होतं.

भाषेबाबतही घाई नको. रशियन लिपी दिसली म्हणजे रशिया, असं नाही. दोन टिंबांचं ї दिसलं तर भाषा बहुधा युक्रेनियन, आणि ђ दिसलं तर बहुधा सर्बियन.

मित्राला म्हटलं, जुनं खोडू नकोस, खाली लिही: ‘मे 1990 ते एप्रिल 1995, 071 वरून’. कशावरून ते लिहिलंच पाहिजे. उद्या कुणाला त्या पाटीवर दुसरं काही सापडलं तर त्याला आपला हिशोब तपासता येईल.