जुने सिम बंद पडले तरी खाते चालूच राहते

"नंबर बदलताना व्हॉट्सॲपमधल्या Change number ला हात लावू नका, सगळे चॅट आणि ग्रुप उडतात. त्यापेक्षा ॲप काढून टाका, नव्या नंबरने परत घाला आणि बॅकअप ओढून घ्या. जुन्या सिमचा रिचार्ज थांबवला की जुने खाते आपोआप बंद होते आणि बँक वगैरे जोडलेले सगळे नव्या नंबरवर येते."

हा संदेश कोल्हापुरातील अनेक ग्रुपांवर फिरतो आहे. त्यातील चारही सूचना चुकीच्या आहेत. त्यांपैकी रिचार्जची सूचना सर्वांत महागात पडणारी असल्यामुळे तिच्यावर अधिक लिहिले आहे.

पहिल्या सूचनेबाबत वस्तुस्थिती उलट आहे. व्हॉट्सॲपच्या Settings मधील Account येथे असलेली Change number ही सोय नेमकी चॅट आणि ग्रुप टिकवण्यासाठीच दिलेली आहे. तेथे आधी जुना आणि मग नवा नंबर भरला की नव्या नंबरवर सांकेतिक क्रमांक येतो, आणि तो भरताच आपले नाव, फोटो, सेटिंग व ग्रुप नव्या नंबरकडे जातात. फोन तोच असेल तर चॅट जागचे हलतही नाहीत, कारण ते मुळात फोनमध्येच साठवलेले असतात. जुन्या नंबरचे खाते त्याच वेळी काढून टाकले जाते. ग्रुपमधील सर्वांना नंबर बदलल्याचे कळतेच; बाकीच्यांपैकी कोणाला कळवायचे, सर्वांना, ज्यांच्याशी चॅट आहे त्यांना, की निवडक माणसांना, हे आपण ठरवतो. मात्र आपला नवा नंबर दुसऱ्या कोणत्या खात्यासाठी वापरात असेल तर ते खाते जाते, एवढे आधी तपासावे.

ही सोय वापरण्यासाठी जुने सिम चालू असण्याची गरज नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. सांकेतिक क्रमांक नव्या नंबरवर येतो. जुन्याच्या बाबतीत अट एवढीच की ॲप त्या क्षणी त्याच नंबरने नोंदलेले आणि चालू असावे. म्हणजे सिम महिनाभरापूर्वी बंद पडले असले, तरी ॲप चालत असेपर्यंत दरवाजा उघडा असतो. ॲप काढून टाकले की तो बंद होतो, आणि नेमके तेच करायला दुसरी सूचना सांगते.

बॅकअपचेही तसेच. ॲन्ड्रॉइड फोनवरील गूगल ड्राइव्हचा बॅकअप गूगल खात्याशी आणि ज्या नंबरने तो घेतला त्या नंबरशी, अशा दोन्हींशी बांधलेला असतो. नव्या नंबरने ॲप घातल्यावर ते जुना बॅकअप शोधतच नाही आणि माणूस रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो. जुने सिम अजून चालू असेल तर यातून मार्ग निघतो: जुन्या नंबरने नोंदणी करून बॅकअप परत घ्यावा आणि त्यानंतर नंबर बदलावा. फोन आणि नंबर दोन्ही एकदम बदलायचे असल्यास जुन्याच फोनवर आधी नंबर बदलून घ्यावा, मग ताजा बॅकअप घ्यावा आणि नंतर नव्या फोनवर नव्या नंबरने नोंदणी करावी.

आता रिचार्जची सूचना. सिम बंद पडल्याचे व्हॉट्सॲपला कळत नाही. नोंदणीच्या वेळी एकदा नंबर पडताळला की ॲप वायफायवर किंवा दुसऱ्या सिमच्या इंटरनेटवर निवांत चालत राहते. खाते दीर्घकाळ वापरात नसेल तर, साधारण १२० दिवसांनी, ते काढून टाकले जाते हे खरे. पण तेथे मोजला जातो तो ॲपचा वापर, सिमचा रिचार्ज नव्हे.

माझ्या ओळखीच्या एका गूळ व्यापाऱ्याच्या बाबतीत हेच घडले. शाहूपुरीत त्यांची पेढी आहे. उन्हाळ्यात त्यांनी जुन्या सिमचा रिचार्ज सोडला, कारण नव्या सिमवर स्वस्त योजना मिळाली होती. व्हॉट्सॲप मात्र जुन्याच नंबरने सहा-सात महिने चालू ठेवले. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणालाही दिला जात नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. दिवाळीनंतर, गुळाचे सौदे जोरात असताना, एका सकाळी त्यांच्या फोनवर आपला नंबर दुसऱ्या फोनवर नोंदला गेल्याची सूचना आली आणि ॲप बंद पडले. तो नंबर घेतलेल्या परक्या माणसाने आपले नवे सिम घालून साधी नोंदणी केली होती, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

त्या माणसाला काय दिसले, हे नीट पाहण्यासारखे आहे. व्यापाऱ्यांचे जुने चॅट त्याला मिळाले नाहीत, कारण ते त्यांच्या फोनमध्ये होते आणि आधीचे संदेश उलगडणारी किल्लीही तेथेच होती. पण खाते सतत वापरात असल्यामुळे त्या नंबरचे ग्रुपांतील सदस्यत्व टिकून होते. अडत्यांचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, मुलीच्या शाळेचा ग्रुप, सगळे त्याच्या हाती आले आणि पुढचा प्रत्येक संदेश त्याला जाऊ लागला. दोन गिऱ्हाइकांनी तर त्याला मालाच्या वजनाचे तपशीलही पाठवले. माणूस सरळ होता. त्याने "मी तो नव्हे" असे लिहून टाकले. मग व्यापाऱ्यांनी एकेका ग्रुपच्या प्रमुखाला फोन करून तो नंबर काढायला लावला. Change number वापरण्याची संधी तोवर गेली होती, कारण त्यांचे स्वतःचे ॲप जुन्या नंबरने चालू राहिले नव्हते.

दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन त्यांनी ठेवला असता तर नव्या धारकाला सात दिवस थांबावे लागले असते. त्यापलीकडे त्या पिनकडून अपेक्षा ठेवू नये.

ही जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथे ९० दिवसांचा नियम नोंदवला गेला आणि जुन्या नंबरशी जोडलेले व्हॉट्सॲप खाते काढून टाकून ग्राहक स्वतःच गैरवापर टाळू शकतो, असेही म्हटले गेले. आपण कोठे आहोत हे तपासणे सोपे आहे: व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये आपल्या नावावर बोट टेकवून जो नंबर दिसतो, त्यावर दुसऱ्या फोनवरून फोन लावावा. आपला फोन वाजला नाही तर नंबर त्याच दिवशी बदलून घ्यावा.

शेवटची सूचना थोडक्यात निकाली निघते. व्हॉट्सॲपमध्ये नंबर बदलला म्हणून बँकेतील नोंद बदलत नाही. यूपीआय खाते बँकेत नोंदलेल्या नंबरशी आणि त्याच नंबरच्या सिमशी बांधलेले असते. त्यामुळे आधी बँकेत नवा नंबर नोंदवावा लागतो आणि मग ॲपमध्ये यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागते. ईमेल किंवा इतर सेवांचेही तसेच, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बदलावे लागते. यांपैकी काही ठिकाणी बदल मान्य करण्यासाठी ओटीपी जुन्याच नंबरवर येतो, म्हणून हे काम संपेपर्यंत जुने सिम चालू ठेवणे आवश्यक असते. आमच्या व्यापाऱ्यांना ते शक्य नव्हते. त्यांनी ओळखपत्र घेऊन बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला, आणि तो मंजूर होईपर्यंत त्यांच्या खात्यातील जमा-नावेचे एसएमएस त्या परक्या माणसाच्या फोनवर जात राहिले.